रजेचा अर्ज शाळेकडे, पण पहिली मागणी निर्मात्याकडे

«माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. सकाळची शाळा, ७.१० ते १२.४०, शनिवारी १०.३० ला सुटते. तिला एका व्यावसायिक नाटकात चांगली भूमिका मिळाली आहे. १२ नोव्हेंबरपासून ३० दिवस तालीम, रोज ११ ते ६. १२ डिसेंबरला कोथरूडला शुभारंभाचा प्रयोग, मग मार्चपर्यंत शनिवार-रविवारचे प्रयोग आणि दौरे. वेळापत्रक सोबत जोडलं आहे. मुख्याध्यापिकाबाईंना तोंडी विचारलं, तर म्हणाल्या, "महिनाभराची रजा देता येणार नाही. अर्ज द्या, बघू." जाऊबाई म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरांकडून आजारपणाचा दाखला घे आणि मोकळी हो. अर्ज कसा लिहू? किती दिवस मागू?»
— एक आई, पुणे

ताई,

आधी दाखल्याचं बोलते, कारण तो मोह आजच्या आज मनातून काढायला हवा. मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. नाटकासाठी आजारपणाचे दाखले माझ्या टेबलावर दोनदा आले आणि दोन्ही वेळा खरं काय ते मला आठवड्याभरात कळलं. शोधावं लागलं नाही. नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रात येते, मुलाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो, आणि वर्गातली एखादी मैत्रीण शुभारंभाला पहिल्या रांगेत बसलेली असते. पण मला जास्त वाईट वाटलं ते त्या मुलांचं. "ताप होता का गं?" असं बाई विचारणार आणि त्या मुलीनं सगळ्या वर्गासमोर "हो" म्हणायचं. आयुष्यातली पहिली मोठी भूमिका मिळाली आणि तिच्याबद्दल शाळेत एक अक्षर बोलायचं नाही. हे ओझं अकरा वर्षांच्या मुलीवर टाकू नका.

आता मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर. त्यांनी नाटकाला नाही म्हटलेलं नाही, महिन्याला नाही म्हटलंय. त्यांच्या खुर्चीवर मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. "तालमींसाठी रजा" असं तोंडी विचारलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सबंध नोव्हेंबर-डिसेंबर कोरा दिसतो. तुमचं वेळापत्रक मी कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहिलं. खरी गरज पाच दिवसांची आहे, आणि त्यातले तीन शनिवार आहेत. ती पाचावर आणायची तर बोलणी शाळेशी करायच्या आधी निर्मात्याशी आणि दिग्दर्शकाशी करावी लागतील. पालक हे उलट्या क्रमानं करतात. नाट्यसंस्थेनं दिलेल्या वेळा देवानं दिल्यासारख्या धरतात आणि सगळी ओढाताण शाळेच्या दारात आणून टाकतात.

तालमीपासून सुरू करू. तीस दिवसांपैकी पहिले दहा, म्हणजे १२ ते २१ नोव्हेंबर, तुमच्या शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत आहेत. उरले २२ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर हे वीस दिवस. त्यात तीन रविवार. म्हणजे शाळेचे सतरा दिवस. आता तुम्ही सोबत पाठवलेला प्रवेशांचा कागद बघा. नाटकाचे अकरा प्रवेश, त्यातल्या पाचांत तुमची लेक आहे. बाकीच्या सहा प्रवेशांची तालीम चालू असताना ती हॉलच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून असणार. मोठ्या नटांना बसून राहण्यात अडचण नसते, ते त्यांचं काम आहे. मुलीला मात्र त्या बसण्यासाठी गणिताचा तास बुडवायला लागतो.

म्हणून दिग्दर्शकांना भेटून एकच गोष्ट मागा: तिचे पाच प्रवेश दुपारी दीडनंतर लावायचे. शाळा १२.४० ला सुटते, मधे जेवण आणि रिक्षा. हे मागणं अवघड नाही. तालमीचं रोजचं वेळापत्रक लिहिणारा सहायक प्रवेशांचा क्रम तसाही रोज हलवत असतो, कारण कुणा नटाचं मालिकेचं चित्रीकरण असतं, कुणाचा दुसऱ्या नाटकाचा प्रयोग असतो. मोठ्यांसाठी वेळा सरकतात, तशा लहान मुलीसाठीही सरकतात. फक्त ते तालीम सुरू व्हायच्या आधी बोलावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात बोललात तर तोवर सगळ्यांची दुपार ठरलेली असते.

यात कायदाही तुमच्या बाजूनं आहे, आणि बहुतेक पालकांना तो माहीत नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी करणारा जो १९८६ चा कायदा आहे, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनं बालकलाकारांना सवलत ठेवली, पण अट घातली की त्या कामानं मुलाच्या शालेय शिक्षणाला बाधा येता कामा नये. पुढे २०१७ च्या नियमांत तपशील आला. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीवाचून नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस काम नाही, आणि शिक्षणात खंड पडणार नाही याची सोय निर्मात्यानं करायची.

आता तुमच्या कागदावरचं "रोज ११ ते ६" पुन्हा वाचा. ते सात तास आहेत. दीड ते सहा म्हणजे साडेचार, मधे चार वाजता अर्धा तास खाणं-पिणं. तालीम म्हणजे काम नव्हे, असं तुम्हाला कुणी सांगेल. मी तालमीचे तासही कामातच धरते, कारण मुलीचं अंग दमतं ते प्रेक्षक असले तरी दमतं आणि नसले तरी. तीस दिवस सलग हेही बसत नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा लिहून घ्या. दिवाळीनंतर तर मी शाळेच्या दिवसांत आठवड्याला तीनच तालमी ठेवीन. पहाटे पावणेसहाला उठलेलं मूल सहाला तालमीतून सुटतं, सातला घरी पोचतं. मग गृहपाठ, जेवण. असे ओळीनं सहा दिवस काढता येत नाहीत. पाच प्रवेश बसवायला सुट्टीतले दहा दिवस, नंतरचे रविवार आणि आठवड्याला तीन दुपारी पुरतात. मुलं संवाद मोठ्यांच्या आधी पाठ करतात, हे कुठलाही दिग्दर्शक कबूल करेल.

शेवटचे दोन दिवस वेगळे. गुरुवारी, १० डिसेंबरला, नाट्यगृहात नेपथ्य उभं राहतं आणि प्रकाशयोजना लागते. नट लागतात ते दुपारी. म्हणजे ती शाळा करून जाऊ शकते. शुक्रवारी ११ तारखेला रंगीत तालीम आहे, वेशभूषा-रंगभूषेसह, पहिल्या घंटेपासून पडद्यापर्यंत. त्या दिवशी मूल नाट्यगृहात असायलाच हवं. हा पहिला रजेचा दिवस. मात्र पाच तासांची मर्यादा त्या दिवशीही लागू आहे, म्हणून सकाळी अकरालाच नेऊन बसवू नका, तिची येण्याची नेमकी वेळ विचारून घ्या. शनिवारी १२ ला संध्याकाळी साडेपाचला शुभारंभ. शाळा साडेदहालाच सुटते, तरीही मी तो शनिवार मागीन. झोप झालेली मुलगी रंगमंचावर उभी राहावी, एवढ्याचसाठी.

म्हणजे सतरा दिवसांच्या तालमींपैकी एकच दिवस रजेचा राहिला, शुक्रवारचा.

प्रयोगांचं गणित त्याहून सोपं आहे, पण फसायला तिथेच होतं. पुण्यातले शनिवार-रविवारचे प्रयोग शाळेच्या आड येतच नाहीत. आड येतात त्या तीन गोष्टी: रविवारी रात्री साडेनऊचा प्रयोग, दौऱ्यावरून परतीचा प्रवास, आणि आठवड्याच्या मधला एखाद्या संस्थेनं ठरवून घेतलेला प्रयोग. रविवारी रात्री साडेनऊचा प्रयोग बाराला संपला की घरी पोचून झोपायला दीड. सोमवारी ७.१० ला प्रार्थना. असे प्रयोग तुमच्या वेळापत्रकात दोन दिसतात. तिथे शाळेकडे "सोमवारी उशिरा येऊ दे" असं मागू नका, ते प्रयोगच करू नका.

म्हणजे कोण करणार? त्यासाठी बदली मूल हवं. एकाच भूमिकेसाठी दोन मुलं तयार करण्याची रीत आपल्याकडे आहे, कारण मुलं आजारी पडतात, वाढतात, आवाज फुटतो. निर्मात्याशी लिखापढी करण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: "या भूमिकेला बदली आहे का, आणि ती केव्हापासून तालमीला बसणार?" "गरज पडली तर बघू" असं उत्तर आलं तर समजा, गरज पडेल त्या दिवशी तुमच्या लेकीला ताप असला तरी उभं राहावं लागेल. मी असताना शाळेतला एक मुलगा असाच १०१ ताप अंगात घेऊन प्रयोगाला उभा राहिला होता, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. नाट्यगृह भरलेलं, तिकिटं गेलेली, आईवडील हतबल. बदलीमुळे आपल्या मुलीचं महत्त्व कमी होतं असं पालकांना वाटतं. तिला शाळा आणि नाटक दोन्ही करता येतं ते बदलीमुळेच.

आता दौरे. नाशिकचा प्रयोग शनिवारी ९ जानेवारीला संध्याकाळी आहे. पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर, गाडी सकाळी निघणार. तो शनिवार मागा. रविवारी दुपारचा प्रयोग करून रात्री घरी, सोमवारी शाळा. फेब्रुवारीत गुरुवारी ११ तारखेला मुंबईत दुपारचा प्रयोग आहे, तो एक पूर्ण दिवस. कोल्हापूर-सांगलीचं मात्र मी तसंच राहू देणार नाही. शनिवारी २३ जानेवारीला कोल्हापूर, रविवारी २४ ला सांगलीत संध्याकाळचा प्रयोग. तो पावणेआठला संपला, तरी नेपथ्य आवरून, सगळ्यांची जेवणं होऊन बस हलायला दहा वाजतात. पुण्यात पोचायला पहाटेचे तीन. सोमवारी रजा लागणार, मंगळवारी २६ जानेवारीचं झेंडावंदन, आणि तुम्हीच वेळापत्रकाच्या कडेला पेन्सिलनं लिहिलंय की बुधवारी २७ पासून घटक चाचणी आहे. त्या आठवड्यात हे शक्य नाही. कोल्हापूरचा प्रयोग करून तुम्ही दोघी रविवारी सकाळी स्वतंत्र परत या, सांगली बदलीला द्या. मानधन एका प्रयोगाचं कमी होईल. चालेल.

असे झाले पाच दिवस: ११ डिसेंबर, १२ डिसेंबर, ९ जानेवारी, २३ जानेवारी, ११ फेब्रुवारी. दोन पूर्ण, तीन शनिवारचे अर्धे.

एक गोष्ट वेळापत्रकात नाही, पण होणार. तारखा बदलतात. मोठ्या नटाची अडचण, सभागृहाची अडचण, एखाद्या गावाहून अचानक आलेलं बोलावणं. म्हणून अर्जात पाच नक्की दिवसांशिवाय एक कमाल मर्यादा स्वतःहून लिहा: मार्चअखेरपर्यंत आणखी दोन दिवस, दहा दिवस आधी कळवून. मुख्याध्यापकाला अनिश्चिततेची भीती वाटते, संख्येची नाही. "नाटक चालू असेपर्यंत अधूनमधून" या शब्दांवर कुणीच सही करणार नाही, पण "जास्तीत जास्त सात" यावर करेल.

सातचा अर्थ काय, तेही सांगते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस धरलेत. ७५ टक्के उपस्थितीची जी भीती सगळ्यांना असते, ती अट दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठीची आहे. सहावीत रजा मंजूर करायची की नाही, हे शाळेच्या नियमांवर आणि मुख्याध्यापकांच्या निर्णयावर असतं. तेव्हा सात दिवसांनी लेकीचं वर्ष जाणार नाही. पण हेच नाटक पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी चालत राहिलं तर हिशेब दर वर्षी नव्यानं करा, आणि नववीपासून फार सांभाळून.

हजेरीपत्रकाबद्दल एक इशारा. शाळेतर्फे राज्य बालनाट्य स्पर्धेला जाणाऱ्या मुलांची उपस्थिती शाळा लावू शकतात, कारण ती शाळेची जबाबदारी असते. तुमच्या लेकीचं नाटक खासगी आणि तिकीट लावून होणारं आहे. तिथे "हजर दाखवा" अशी विनंती करू नका. हजेरीपत्रक ही शाळेची अधिकृत नोंद आहे, तिच्यात खोटं लिहायला सांगणं म्हणजे समोरच्या बाईंना संकटात टाकणं. मागायचं ते एवढंच: "पूर्वपरवानगीची रजा" अशी नोंद.

अर्जाआधी निर्मात्याकडून दोन कागद मिळवा. एक, संस्थेच्या लेटरहेडवर तारखा, वेळा आणि ठिकाणांचं पत्र. दोन, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकार असलेल्या व्यावसायिक कार्यक्रमाच्या निर्मात्यानं, जिथे कार्यक्रम होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी घ्यायची असते. त्यासाठी तो हमीपत्र देतो, त्यात मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव असतं. असा एक माणूस जास्तीत जास्त पाच मुलांमागे हवा. हमीपत्र सहा महिनेच चालतं. नाशिक, कोल्हापूर, मुंबई हे पुण्याबाहेरचे जिल्हे आहेत, तेव्हा तिथलं काय केलंय ते स्पष्ट विचारा. शिवाय मुलीच्या कमाईतला किमान २० टक्के भाग तिच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जायला हवा. याचा रजेशी संबंध नाही, पण त्याच बैठकीत विचारून घ्या. निर्माता या प्रश्नांवर गोंधळला तर चिडू नका, अनेकांना हे माहीत नसतं. तो उडवून लावू लागला तर मात्र थांबून विचार करा, कारण तारखांच्या बाबतीतही तो असाच वागेल.

आता अर्ज. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. कौतुक, बक्षिसं, "तिला लहानपणापासून आवड" यातलं काही नको. तारखा असू द्यात.

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय: इयत्ता ६ वी, तुकडी __ मधील कु. ______ हिला पाच दिवसांची पूर्वपरवानगीची रजा मिळण्याबाबत.

महोदया,

माझी मुलगी एका व्यावसायिक मराठी नाटकात काम करणार आहे. रंगीत तालीम वगळता तिच्या सर्व तालमी दिवाळीच्या सुट्टीत, रविवारी आणि शाळा सुटल्यानंतर दुपारी १.३० पासून होतील, असे निर्मात्याने लेखी मान्य केले आहे. त्यामुळे तालमींसाठी शाळेचा एकच दिवस जाईल.

पुढील दिवशी तिला रजा मिळावी, ही विनंती.
शुक्रवार, ११ डिसेंबर: रंगीत तालीम, पुणे
शनिवार, १२ डिसेंबर: शुभारंभाचा प्रयोग, पुणे
शनिवार, ९ जानेवारी: प्रयोग, नाशिक
शनिवार, २३ जानेवारी: प्रयोग, कोल्हापूर
गुरुवार, ११ फेब्रुवारी: प्रयोग, मुंबई

तारखांत बदल झाल्यास मार्चअखेरपर्यंत जास्तीत जास्त आणखी दोन दिवस लागू शकतात. ते किमान दहा दिवस आधी लेखी कळवीन. घटक चाचणी व सत्र परीक्षांच्या काळात, तसेच त्यांच्या आदल्या दिवशी ती प्रयोग करणार नाही. त्यासाठी भूमिकेला बदली कलाकाराची व्यवस्था आहे.

बुडालेला अभ्यास तीन दिवसांत पूर्ण करून वर्गशिक्षिकांना दाखवण्याची जबाबदारी माझी आहे. जानेवारीच्या घटक चाचणीनंतर वर्गशिक्षिकांना तिच्या अभ्यासात घसरण जाणवल्यास आम्ही फेब्रुवारीपासूनचे प्रयोग कमी करू.

सोबत: १) निर्मात्याचे पत्र, २) जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत.

आपली विश्वासू,
(पालकाचे नाव, सही, दूरध्वनी)

यातलं "लेखी मान्य केले आहे" हे वाक्य खरं झाल्याशिवाय अर्ज देऊ नका. बदलीचंही तसंच. परवानगीची प्रत अजून हातात आली नसेल तर "मिळताच सादर करीन" असं लिहा, आणि मिळताच खरोखर सादर करा.

अर्ज नेऊन द्यायच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिकांना भेटा. मुख्याध्यापिकाबाई पहिल्यांदा त्यांनाच विचारणार आहेत, आणि "मला तर काहीच माहीत नाही" असं त्यांनी म्हटलं की अर्ज तिथेच अडतो. त्यांना सगळ्या विषयांच्या नोंदी मागू नका. गणित आणि विज्ञान, दोनच मागा. भाषा आणि इतिहास घरी वाचून भरून निघतात. गणितात अपूर्णांकांचा एक तास चुकला की पुढचे चार तास मूल नुसतं फळ्याकडे बघत बसतं. वर्गातली एक मैत्रीण वहीसाठी ठरवून द्या, आणि तिच्या आईला आधी विचारा.

नाट्यगृहात अभ्यास होतो का, असं तुम्ही पुढे विचाराल. होतो, पण थोडा. मुलांना प्रयोगाच्या दोन तास आधी बोलावतात, रंगभूषेला त्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मधला पाऊण तास हातात असतो. त्यात उदाहरणं सोडवून होतात, नवीन धडा समजत नाही. पहिल्या घंटेनंतर वही हातात देऊ नका, आणि मध्यंतरातही नको. आणि हो, एका दिवशी दोन प्रयोग घेऊ नका. आधीचे दोन तास आणि सव्वादोन-अडीच तासांचं नाटक धरलं की पहिल्याच प्रयोगात मुलीचे साडेचार तास होतात.

मंजुरी तोंडी मिळाली तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा आवक शिक्का आणि तारीख घ्या. यात अविश्वास नाही. फेब्रुवारीत बाई बदलल्या किंवा प्रशिक्षणाला गेल्या तर तो कागद उपयोगी पडतो. आणि नकार आला, तर कायद्याचा कागद पुढे करू नका. तो कायदा निर्मात्याला बांधतो, शाळेला रजा द्यायला भाग पाडत नाही. "यातला कोणता दिवस अडचणीचा आहे?" असं विचारा. बहुधा एखादा गुरुवार किंवा शुक्रवार निघतो, स्नेहसंमेलनाचा किंवा तोंडी परीक्षेचा. तो दिवस सोडून द्या आणि निर्मात्याला त्याच संध्याकाळी कळवा. रंगीत तालमीचा शुक्रवारच अडला तर तेवढ्यासाठी पुन्हा एकदा भेटा, वडिलांनाही घेऊन जा, आणि तालमीत तिची नेमकी वेळ कोणती ते सांगा. साडेदहापर्यंत शाळा करून जाणं हा मार्ग त्या दिवशी निघू शकतो.

शेवटी लेकीकडे बघायचं कसं, ते. निकालाची वाट पाहू नका, त्याला उशीर होतो. प्रयोगानंतरच्या सोमवारी ती पहिल्या तासाला पेंगते का, हे वर्गशिक्षिकांना दोन आठवड्यांतून एकदा विचारा. घरी बघा की तालमीहून आल्यावर ती न जेवता झोपते का, आणि मैत्रिणींचं नाव घेणं बंद झालंय का. संवाद विसरणं हीही एक खूण आहे. पाठ झालेले संवाद मूल अडखळू लागलं तर ते बहुतेक झोपेचं असतं. अशा वेळी पुढचे दोन प्रयोग बदलीला द्या आणि तिला सांगा की ही शिक्षा नाही. नियमांत मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही, असंही आहे. तेव्हा अर्जावर सही करण्याआधी एकदा तिलाही समोर बसवा, पाच तारखा वाचून दाखवा, सांगली आणि रविवारचे रात्रीचे प्रयोग दुसरी मुलगी करणार आहे हे सांगा. त्यावर ती रुसेल. रुसू द्या, पण तिला ते तुमच्याकडून आधी कळू दे, तालमीच्या हॉलमध्ये नको.

निर्मात्याची भेट या आठवड्यातच घ्या. अर्ज दिवाळीची सुट्टी लागण्याआधी शाळेत पोचायला हवा.

तुमची,
ताई